एकमेकांचे स्पर्धक, पण संशोधन एकत्र: साखर कारखान्यांचं गणित समजून घेऊ

ऊस बियाण्यावर नाही, कांडीवर वाढतो. औशाच्या आसपास एखाद्याने नवी जात लावली आणि ती चांगली आली, की पुढच्या हंगामात पाहुण्याच्या शेतात त्याच उसाचं बेणं दिसतं. त्याला कुलूप लावता येत नाही. मग एखाद्या साखर कारखान्याने स्वतःच्या पैशाने नवी जात शोधायची कशाला? फायदा तर शेजारच्या कारखान्यालाही होणार! एकाचं संशोधन असं दुसऱ्याच्या पदरात फुकट पडण्याला अर्थशास्त्रात स्पिलओव्हर म्हणतात. आपण त्याला ज्ञानाची गळती म्हणू.

महाराष्ट्रात यावर जुना तोडगा आहे. १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी केली. तीच आज पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. उसाच्या जाती, टिश्यू कल्चरची रोपं, कारखान्यातली यंत्रणा, अशी कामं तिथे होतात. ऊस मिळवायला एकमेकांशी भांडणारे कारखाने संशोधनापुरते एकाच छताखाली आहेत.

पण एकत्र आल्याने संशोधनावरचा खर्च वाढतो की कमी होतो? १९८८ मध्ये द'आस्प्रेमाँ आणि जॅकमँ या दोन अर्थतज्ज्ञांनी याचं सोपं मॉडेल मांडलं. आकडे मी माझे घातलेत, खऱ्या कारखान्याचे नाहीत.

समजा अ आणि ब असे दोनच कारखाने आहेत. बाजारात एक पोतं जास्त आलं की भाव १ रुपयाने उतरतो. बाजार रिकामा असताना मिळणारा भाव आणि एका पोत्याचा खर्च यांत १०० रुपयांचं अंतर आहे. पोत्यामागे १० रुपये वाचवायला संशोधनावर १०० रुपये लागतात, २० वाचवायला ४००. म्हणजे दुप्पट बचतीला चौपट खर्च. गळती ८० टक्के धरू: अ ने १० रुपये वाचवले तर ब चे ८ आपोआप वाचतात.

दोघांनी आपापलं ठरवलं तर प्रत्येक जण साधारण १७.५ रुपये बचत होईल इतकंच संशोधन करतो आणि ४४ पोती विकतो. संशोधनाची रक्कम एकत्र बसून ठरवली, पण विक्री वेगळी ठेवली, तर बचत ३१ रुपयांवर आणि विक्री ५२ पोत्यांवर जाते. कारण आता ब ला होणारा फायदाही हिशोबात धरला जातो.

आता गळती फक्त २० टक्के करा. एकेकटे असताना बचत २६ रुपये, एकत्र ठरवल्यावर फक्त १६! विक्रीही ४४ वरून ४० पोत्यांवर. इथे माझ्या संशोधनाने मुख्यतः तुमचं गिऱ्हाईक तुटतं, म्हणून दोघं मिळून हात आखडता घेतात. या मॉडेलमध्ये सीमारेषा ५० टक्क्यांवर आहे. बेण्यासारखी गोष्ट तिच्या बरीच वर बसेल असं मला वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. सगळं ज्ञान १०० टक्के वाटून घेतलं, पण खर्च किती करायचा हे ज्याचं त्याने ठरवलं, तर बचत १४ रुपयांवर घसरते. प्रत्येक जण म्हणतो, दुसरा करेल की. पूर्ण वाटणी आणि एकत्र निर्णय, दोन्ही असेल तर बचत ४० रुपये आणि विक्री ६० पोती. म्हणून अशा संस्थेत अहवाल सगळ्यांना मिळतो का, एवढंच बघून चालत नाही. वर्गणी प्रत्येकाला बंधनकारक आहे का, तेही बघायचं. वसंतदादा इन्स्टिट्यूटही सभासद कारखान्यांच्या वर्गणीवर उभी आहे.

अजून एक फसवी जागा. पुन्हा ८० टक्के गळती घ्या. एकत्र बसलेल्या दोघांनी पोती किती विकायची हेही ठरवून टाकलं, तर बचत ३८ रुपयांवर चढते, पण विक्री प्रत्येकी ४२ पोत्यांवर येते, म्हणजे एकेकटे असतानाच्या ४४ पेक्षाही कमी. संशोधन वाढलेलं दिसतं आणि ग्राहकाला माल कमी, भाव जास्त. त्यामुळे नुसता संशोधनाचा आकडा बघून भागीदारी चांगली ठरवू नका, बाजारात माल किती आला ते बघा.

आणि लातूर जिल्ह्यात तेही पुरत नाही. मॉडेलमध्ये पाण्याचा खर्चच धरलेला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. साखर स्वस्तात तयार होऊन उसाचं क्षेत्र वाढलं, तर मॉडेल त्याला फायदा म्हणेल, विहिरी म्हणणार नाहीत. टनामागे पाणी कमी लागेल असं संशोधन मात्र प्रत्येक कारखान्याला हवं असतं आणि एकट्याने करायला कुणालाच परवडत नाही. सामायिक वर्गणीतला किती वाटा त्यावर जातो, हा प्रश्न औशातल्या सभासदाने वार्षिक सभेत विचारावा.