मोलॅसिसचा भाव कोण ठरवतो?

साखर कारखान्यातल्या शेवटच्या सेंट्रीफ्युगल यंत्रांतून साखर वेगळी झाली की उरतो तो काळा, दाट पाक, म्हणजे मोलॅसिस. पंपाने तो पोलादी टाकीत जातो आणि टाकीतून पाइपलाइनने शेजारच्या डिस्टिलरीत. काटा होतो, नोंदवहीत टन लिहिले जातात. मात्र पैसे कोणीच कोणाला देत नाही, कारण साखर विभाग आणि डिस्टिलरी दोन्ही एकाच कारखान्याचे. तरीही हिशेबाच्या पुस्तकात त्या मोलॅसिससमोर टनाला एक दर लिहावाच लागतो. तो दर म्हणजे हस्तांतरण किंमत. वाणिज्य शाखेचे आणि कॉस्ट अकाउंटन्सीचे विद्यार्थी 'ट्रान्सफर प्राइसिंग' या नावाने ज्या प्रश्नांशी झगडतात, ते प्रश्न महाराष्ट्रात दर गळीत हंगामात असे प्रत्यक्ष उभे राहतात.

हा दर हवा कशाला? कारण मोठ्या संस्थेत प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींचाच जाब विचारता येतो. कारखान्याच्या वर्कशॉपला विक्री नसते; तिथल्या प्रमुखाने दुरुस्तीचा खर्च आटोक्यात ठेवला की नाही एवढेच पाहायचे, म्हणून ते खर्च केंद्र. डिस्टिलरीचा व्यवस्थापक माल विकतो, ऑर्डर घेतो किंवा नाकारतो; त्याला नफ्याचा जाब विचारता येतो, म्हणून ते नफा केंद्र. आणि नवे यंत्र घ्यायचे की नाही, किती भांडवल गुंतवायचे, हेही त्याच्याच हाती दिले असेल, तर ते गुंतवणूक केंद्र. विभाग तोच राहतो. अधिकार वाढतात तसे त्याचे मोजमाप बदलते. मोलॅसिसला दर नसेल, तर डिस्टिलरीचा नफा मोजणे अशक्य. कच्चा माल फुकट मिळाला तर कोणतीही डिस्टिलरी नफ्यातच दिसेल.

मग दर किती लावायचा? पहिला विचार येतो तो उत्पादन खर्चाचा, आणि तोच इथे कोलमडतो. उसाचे पैसे एकदाच दिले जातात. त्यातून साखर, बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड एकत्रच निघतात. एक टन मोलॅसिससाठी उसाचा नेमका किती खर्च झाला, हे सांगणारी कोणतीही खरी पद्धत नाही. वजनावर वाटा पाडला तर एक आकडा येतो, विक्रीमूल्यावर पाडला तर दुसरा. दोन्ही गणिते कागदावर नेटकी दिसतात, पण दोन्ही मानलेलीच.

म्हणून खर्चाऐवजी हुकलेल्या कमाईकडे पाहावे लागते. उदाहरणासाठी काही आकडे धरू. बाहेरच्या बाजारात मोलॅसिसचा भाव टनाला ९,००० रुपये आहे. साखर विभागाने बाहेर विकायचे ठरवले तर टँकर भरणी आणि दलालीपोटी ३०० रुपये जातात, हाती ८,७०० राहतात. डिस्टिलरीने बाहेरून आणायचे ठरवले तर वर ७०० रुपये वाहतूक पडते, म्हणजे ९,७०० रुपये. आता चित्र स्पष्ट होते. साखर विभाग ८,७०० पेक्षा कमी घेणार नाही, कारण तेवढे त्याला बाहेर मिळतातच. डिस्टिलरी ९,७०० पेक्षा जास्त देणार नाही, कारण तेवढ्यात तिला बाहेरून माल मिळतो. या दोन टोकांमधला कोणताही दर दोघांनाही परवडतो आणि वाचलेली भरणी, दलाली, वाहतूक कारखान्यातच राहते.

वरच्या टोकाला आणखी एक कुंपण असते. सी-हेवी मोलॅसिसच्या एका टनातून साधारण २२५ लिटर अल्कोहोल निघते. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षासाठी केंद्र सरकारने अशा मोलॅसिसपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये दर ठरवला होता. त्या हिशेबाने टनाला सुमारे १३,०४३ रुपये येतात. आंबवणे, ऊर्ध्वपातन, वाफ, रसायने यांचा बदलता खर्च लिटरला १२ रुपये धरला तर २,७०० रुपये वजा होतात आणि १०,३४३ उरतात. डिस्टिलरीची देण्याची कुवत एवढी. बाहेरचा माल ९,७०० ला मिळतो, म्हणून तीच तिची मर्यादा. इथेनॉलचा भाव उतरला आणि कुवत ९,७०० च्या खाली आली, तर मर्यादा कुवतीची.

परीक्षेतला विद्यार्थी इथवर बहुधा नीट येतो. गोंधळ होतो तो यानंतर, परिस्थिती बदलल्यावर. हंगाम जोरात आहे, टाक्या काठोकाठ भरल्या आहेत आणि बाहेर ग्राहक नाही, असे समजू. मोलॅसिस हा निवांत पडून राहणारा माल नाही. उन्हाळ्यात टाकीत ते तापते, फसफसून फेस धरते. टाकीवर बाहेरून पाण्याचे फवारे सोडून ते थंड ठेवावे लागते. टाकीत जागाच उरली नाही तर गाळप थांबवण्याची वेळ येऊ शकते. अशा वेळी साखर विभागाची हुकलेली कमाई शून्य असते. त्याचा खरा खर्च फक्त पंपाचा, समजा टनाला १०० रुपये.

नेमक्या याच वेळी डिस्टिलरीकडे औद्योगिक स्पिरिटची एक मोठी ऑर्डर येते, लिटरला ४५ रुपयांनी. टनामागे १०,१२५ रुपये. प्रक्रियेचे २,७०० वजा जाता ७,४२५. पण नोंदवहीत मोलॅसिसचा दर अजूनही ८,७०० आहे. डिस्टिलरीच्या हिशेबात टनाला १,२७५ रुपये तोटा दिसतो आणि व्यवस्थापक ऑर्डर परत पाठवतो. त्याचे काहीच चुकलेले नाही, कारण त्याला नफ्याचा जाब द्यायचा आहे. पण संपूर्ण कारखान्याने टनाला ७,४२५ वजा १००, म्हणजे ७,३२५ रुपये घालवले. ऑर्डर १,००० टन मोलॅसिसची असेल तर ही रक्कम ७३ लाख २५ हजार होते, आणि कोणत्याही विभागाच्या ताळेबंदात हे नुकसान दिसत नाही.

म्हणून अशा प्रश्नात पहिल्यांदा शोधायची गोष्ट एकच असते: देणाऱ्या विभागाकडे माल पडून आहे की बाहेर ग्राहक उभा आहे? ग्राहक उभा असेल तर किमान दर म्हणजे बदलता खर्च अधिक हुकलेली कमाई. नसेल तर फक्त बदलता खर्च. पगार, घसारा यांसारखा स्थिर खर्च निर्णयाने बदलत नसेल तर त्याला या गणितात जागा नाही, आणि बहुतेक उत्तरपत्रिका घसरतात त्या इथेच.

बी-हेवी मोलॅसिसचे गणित उलट दिशेने जाते. त्यात साखर मुद्दाम राखलेली असते, म्हणून अल्कोहोल जास्त निघते, पण साखरेचा उतारा साधारण दीड टक्क्याने घटतो. त्या न काढलेल्या साखरेची किंमत, ती काढण्याचा वाचलेला खर्च वजा करून, डिस्टिलरीच्या दरात धरलीच पाहिजे. ती धरली नाही तर डिस्टिलरी चमकते आणि साखर विभागाचा उतारा का घसरला याचा जाब चीफ केमिस्टला द्यावा लागतो.

दर चुकल्याची खूण ओळखणे अवघड नाही. स्वतःच्या टाक्या भरलेल्या असताना डिस्टिलरी बाहेरून माल आणत असेल, किंवा एक विभाग वर्षानुवर्षे तोट्यात आणि शेजारचा वर्षानुवर्षे भरघोस नफ्यात असेल, तर यंत्रांआधी हस्तांतरण किंमत तपासावी.

डिस्टिलरी गुंतवणूक केंद्र झाली की आणखी एक पेच येतो. नफ्याला गुंतवलेल्या भांडवलाने भागून परताव्याचा दर काढण्याची रीत अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी १९१२ च्या सुमारास बसवली आणि पुढे तेच ती जनरल मोटर्समध्ये घेऊन गेले. मोजायला ही रीत सोपी, पण तिच्यात एक धोका आहे. समजा डिस्टिलरीत ५० कोटी गुंतले आहेत आणि नफा ११ कोटी, म्हणजे परतावा २२ टक्के. क्षमता वाढवायला १० कोटी लागतील आणि त्यातून वर्षाला १ कोटी ८० लाख मिळतील, म्हणजे १८ टक्के. कारखान्याला भांडवल १२ टक्क्यांनी पडते, तेव्हा हे काम करायलाच हवे. पण केल्यावर डिस्टिलरीचा एकूण परतावा २१.३ टक्क्यांवर येतो, आणि ज्या व्यवस्थापकाची पारख याच टक्क्यावर होते तो ते टाळतो. टक्क्याऐवजी भांडवलाचा खर्च वजा करून उरलेला नफा पाहिला तर आधी तो ५ कोटी होता, विस्तारानंतर ५ कोटी ६० लाख होतो. मग व्यवस्थापकाचे आणि कारखान्याचे हित एकाच बाजूला येते.

घरातला हा दर कधी कधी न्यायालयापर्यंतही जातो. जिंदाल स्टील अँड पॉवर या कंपनीच्या वीजकेंद्रांतली वीज तिचेच कारखाने वापरत, आणि वीजनिर्मितीच्या नफ्यावर कलम ८० आयए खाली करसवलत होती. कंपनीने स्वतःला दिलेल्या विजेचा दर युनिटला ३.७२ रुपये धरला, कारण वीज मंडळ उद्योगांना त्याच दराने वीज विकत होते. आयकर खात्याने २.३२ रुपये धरले, कारण उरलेली वीज मंडळ कंपनीकडून त्या दराने विकत घेत होते. वीज तीच, पण करमुक्त नफा कमी-जास्त. ६ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. एकटे मंडळच ग्राहक असताना ठरलेला दर हा खुल्या बाजारातला भाव नव्हे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

साखर कारखान्यात मात्र आयकर खात्यापेक्षा जवळचा एक पक्ष या दराशी बांधलेला आहे, तो म्हणजे ऊस उत्पादक. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थ यांच्या मिळकतीतला ७० टक्के वाटा उसाच्या दरासाठी सुचवला. बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड हे ते उपपदार्थ. महाराष्ट्राने २०१३ साली कायदा करून महसूल वाटणीची ही चौकट स्वीकारली. मोलॅसिस बाहेर विकले असेल तर त्याची मिळकत पावतीवर असते. स्वतःच्या डिस्टिलरीला दिले असेल तर मिळकत म्हणजे नोंदवहीतला तोच हस्तांतरणाचा दर. एक टन उसातून साधारण ४० किलो मोलॅसिस निघते. त्याचा दर टनाला १,००० रुपयांनी कमी लावला, तर टनभर उसामागे ४० रुपयांची मिळकत कमी दिसते आणि शेतकऱ्याच्या वाट्यातून २८ रुपये जातात. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ही रक्कम २ कोटी ८० लाखांची होते. सूत्राने निघणारी किंमत एफआरपीपेक्षा वर असेल त्या वर्षी हा फरक थेट शेतकऱ्याच्या बिलावर पडतो. म्हणून वार्षिक सभेत अहवाल हाती आला की सभासदाने दोन आकडे शेजारी ठेवून विचारावेत: डिस्टिलरीला दिलेल्या मोलॅसिसचा दर काय धरला, आणि त्याच महिन्यांत परिसरातल्या ज्या कारखान्यांकडे डिस्टिलरी नाही त्यांनी निविदा काढून ते काय भावाने विकले.