प्लेसमेंटपूर्वीचे दहा आठवडे

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम साधारण जुलै-ऑगस्टपासून सुरू होतो. सातव्या सत्राची व्याख्याने, प्रोजेक्टचा पहिला टप्पा, इन-सेम परीक्षा आणि सबमिशन हेही त्याच महिन्यांत येतात. कंपनी कोणत्या तारखेला येणार हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. टीपीओची सूचना बरेचदा दोन-तीन दिवस आधी येते. त्यामुळे ‘कंपनी जाहीर झाली की अभ्यासाला लागू’ हा बेत जवळजवळ नेहमीच फसतो. तयारीची वेळ म्हणजे सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यापासून पहिल्या मोठ्या ड्राइव्हपर्यंतचे दहा-बारा आठवडे.

या आठवड्यांत प्रत्यक्ष किती तास मिळतात, हे आधी मोजावे लागते. पुण्यात कॉम्प्युटर शाखेत शिकणाऱ्या आणि रोज बसने कॉलेजला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. आठवड्याचे तास १६८. सात तास झोप आणि आंघोळ, जेवण, घरची कामे यांसाठी तीन तास धरले, तर आठवड्याला ७० तास गेले. कॉलेज आणि प्रवास मिळून रोजचे नऊ तास, पाच दिवसांचे ४५. उरले ५३. त्यातले १४ तास प्रोजेक्ट आणि सबमिशनला द्यावे लागतात. ते वाचवण्याचा मोह घातक ठरतो, कारण बहुतेक कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेलाच बसू देत नाहीत. म्हणजे कागदावर ३९ तास शिल्लक राहतात.

हे ३९ तास जसेच्या तसे वेळापत्रकात भरले, की ते दुसऱ्याच आठवड्यात कोलमडते. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. त्यात आजारपण, पाहुणे, गणपती आहेतच. म्हणून हातातल्या तासांपैकी निम्म्याच्या आसपासच तास धरणे शहाणपणाचे. या विद्यार्थ्यासाठी ते आठवड्याला १८ होतात: सोमवार ते शुक्रवार रोज दोन, शनिवार-रविवारी चार-चार.

अठरा तासांची वाटणी निवडीच्या टप्प्यांवरून ठरते. बहुतेक कंपन्या आधी ऑनलाइन परीक्षा घेतात. त्यात ॲप्टिट्यूड आणि कोडिंग असते. तिथे नाव गळले तर मुलाखतीची तयारी कितीही चांगली असली तरी ती दाखवायची संधीच मिळत नाही. म्हणून सुरुवातीचा भर परीक्षेवर हवा: कोडिंगला आठ तास, ॲप्टीला चार, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क या विषयांना तीन, तोंडी उत्तरांच्या सरावाला दोन. उरलेला एक तास मोकळा, कारण काही ना काही मागे पडणारच. शेवटच्या तीन आठवड्यांत ॲप्टीचे दोन तास तोंडी सरावाकडे वळवता येतात. बायोडाटा या वाटणीत नाही. सत्र सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत तो पूर्ण करून टाकायचा. तो एका पानाचा असावा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटे बोलता यावे.

कोडिंगच्या आठ तासांत किती काम बसते, हा हिशोब फारसे कोणी करत नाही. दहा आठवड्यांचे झाले ८० तास. अनोळखी प्रश्नाला अर्धा तास स्वतः झगडणे आणि नाही सुटला तर पंधरा मिनिटे उत्तर समजून घेणे, अशी पाऊण तासाची मर्यादा धरली तर ७० प्रश्नांना साडेबावन्न तास लागतात. इंटरनेटवर फिरणाऱ्या तीनशे प्रश्नांच्या यादीला याच वेगाने २२५ तास हवेत. एवढा वेळ नाही हे पहिल्याच दिवशी कळले, तर ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री, बायनरी सर्च यांतले निवडक प्रश्न घेता येतात. न कळल्यास यादीतले पहिले साठ ॲरेचेच प्रश्न सोडवण्यात महिना जातो.

उरलेले साडेसत्तावीस तास नव्या प्रश्नांना द्यायचे नाहीत. प्रत्येक प्रश्न तीन-चार दिवसांनी कोऱ्या स्क्रीनवर, जुने उत्तर न पाहता पुन्हा लिहायचा. त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. लिहिता आला नाही, तर तो प्रश्न सुटलेला नव्हता, फक्त वाचलेला होता. हे तपासण्याची याहून सोपी पद्धत नाही. यातून जे बारा तास शिल्लक राहतात, त्यांत दीड तासाच्या आठ सराव परीक्षा होतात.

दीड तास हा आकडा महत्त्वाचा आहे. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोडोरो पद्धत विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे, आणि कंटाळवाण्या विषयाला हात घालण्यासाठी ती चांगलीच. मात्र ऑनलाइन परीक्षेत दर पंचवीस मिनिटांनी उठता येत नाही. एका प्रश्नावर अडकल्यावर तो कधी सोडायचा, हा निर्णय सलग बसूनच अंगवळणी पडतो. पहाटे पाचला उठण्याच्या सल्ल्याचेही तसेच. रात्री एकला झोपणाऱ्याने पाचला उठायचे ठरवले, तर पहिला बळी झोपेचा जातो, आणि अर्धवट झोपेत सोडवलेले प्रश्न आठवड्याने आठवत नाहीत.

सराव परीक्षेनंतर चुकांची वही उघडायची. तिच्यात तीनच रकाने पुरतात: संकल्पना माहीत नव्हती, माहीत असून घाईत चुकले, वेळ संपला. दोन-तीन परीक्षांनंतर कोणता रकाना भरतो आहे ते दिसू लागते. पहिला भरत असेल तर आणखी परीक्षा देण्यात अर्थ नाही, तो धडा पुन्हा शिकायला हवा. तिसरा भरत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून घड्याळ लावून सराव करायला हवा. दुसरा सर्वांत चिवट असतो. त्यावर उत्तर नोंदवण्यापूर्वी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचण्याची सवयच काय ती चालते.

ड्राइव्ह सुरू झाले की वेळापत्रक बदलावे लागते. सकाळी कंपनीचे सादरीकरण, मग परीक्षा, दुपारी यादी, संध्याकाळी टेक्निकल, रात्री एचआर असा एक दिवस पूर्ण जातो आणि दुसरा दिवस थकव्यात अर्धा जातो. आठवड्यात असे दोन ड्राइव्ह आले तर १८ ऐवजी आठ तास हाती येतात. त्यांतले तीन चुकांच्या वहीला, दीड एका सराव परीक्षेला आणि बाकीचे तोंडी सरावाला द्यायचे. नवा विषय या काळात घ्यायचा नाही. आदल्या दिवशी येणाऱ्या कंपनीची परीक्षा कशी असते हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारायला वीस मिनिटे लागतात, आणि ती वसूल होतात.

प्रत्येक कंपनीसाठी बसायचे का, हाही वेळेचाच प्रश्न आहे. एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, असा नियम अनेक कॉलेजांत असतो. काही ठिकाणी ठरावीक पगारावरच्या ‘ड्रीम’ कंपन्यांपुरती सूट मिळते. हा नियम टीपीओकडून हंगामापूर्वीच समजून घेतला, तर नको असलेल्या नोकरीसाठी दिवस खर्च होत नाही आणि हवी असलेली कंपनी येण्याआधी वाटही बंद होत नाही. कमी गुण असलेल्या किंवा स्पर्धा तीव्र असलेल्या शाखेतल्या विद्यार्थ्याने मात्र सुरुवातीच्या कंपन्या सोडू नयेत. त्याच्यासाठी पहिल्या दोन-तीन मुलाखती निकाल काहीही लागला तरी फुकट जात नाहीत: तिथे विचारलेले प्रश्न त्याच रात्री वहीत उतरवले, की पुढच्या आठवड्याच्या सरावाची यादी तयार होते.