आवणी झालेलं खाचर आणि सातबाऱ्यावरचं नाव

शहापूरहून किन्हवलीकडे जाताना शेणव्याच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं आणि त्यांच्या वर गवताची वरकस जमीन दिसते. या पट्ट्यात फार्महाऊस आणि सेकंड होमचे भाव चढले तसे जमिनीचे तंटेही वाढले. त्यातला एक नेहमीचा नमुना घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, कायदा खरा.

समजा, ठाण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाचं शेणव्याजवळ वडिलोपार्जित खाचर आहे. सातबारा त्यांचाच. गावातला एक शेतकरी दहाएक वर्षं ते कसतो. आधी अर्धेलीने, पुढे नुसतंच, कारण मालक फिरकलेच नाहीत. जुलैत राब उपटून आवणी झाली आणि आठवड्याभरात मालक जेसीबी घेऊन आले. बांध फोडला, तारेचं कुंपण घातलं. शेतकऱ्याकडे ना करार, ना पावती.

आता त्याच्या हातात काय आहे? स्पेसिफिक रिलीफ कायदा, 1963, याचं कलम 6. मर्जीविरुद्ध आणि कायद्याची वाट सोडून ताबा काढून घेतला असेल, तर सहा महिन्यांत दिवाणी दावा टाकायचा. कोर्ट पाहतं ते एवढंच: जमीन याच्या कब्जात होती का, ती कायदेशीर मार्गाशिवाय गेली का, आणि दावा मुदतीत आहे का. मालकांनी सातबारा, खरेदीखत, वारसनोंद असं सगळं टेबलावर मांडलं तरी या दाव्यात त्याचा उपयोग नाही. हुकूम झाला की ताबा परत. त्यावर अपीलही नाही. शेतजमिनीसाठी आणखी एक वाट आहे. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं, मुदत तीच.

मालकाच्या बाजूने विचार केला तर हे संतापजनक वाटतं. पण शेतकरी जिंकला म्हणून मालक होत नाही. मालकाने मालकीच्या जोरावर स्वतंत्र दावा लावावा आणि जमीन रीतसर घ्यावी, ते दार उघडंच राहतं. बंद होतं ते जेसीबीचं दार. ‘मीच खरा मालक’ हे प्रत्येकाने स्वतः ठरवून दंडुका उचलायचा, तर उद्या खोटे मालकही तेच म्हणत येतील, आणि खरं-खोटं ठरण्याआधीच डोकी फुटतील. सावीन्यी या जर्मन विधिज्ञाने 1803 मध्ये ताब्यावर ग्रंथ लिहिला, त्यात या संरक्षणाचं मूळ जबरदस्तीला आळा घालण्यात दाखवलं. त्याच्यानंतरच्या येरिंगचं म्हणणं वेगळं: कब्जेदार बहुतेक वेळा मालकच असतो, म्हणून ताबा जपला की मालकाला दरवेळी कागद सिद्ध करत बसावं लागत नाही, एखाद्या घुसखोराला फायदा झालाच तर ती त्या सोयीची किंमत. मला येरिंग अधिक व्यवहारी वाटतो, पण वरच्या खाचराला सावीन्यीच लागू पडतो.

काल रात्री घुसून आज ताबा सांगणाऱ्याला मात्र हे कवच नाही. ताबा स्थिरावलेला हवा. ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या पूरण सिंग खटल्यात मांडली, आणि 2003 च्या रामे गौडा निकालात तिला दुजोरा दिला. ताबा पुरेसा काळ टिकलेला, मालकाला माहीत असलेला, लपूनछपून न घेतलेला असावा. लागवडीच्या जमिनीत पीक उभं आहे का, हेही पाहतात. घुसखोराने पीक घेतलं असेल तर ते मोडून जमीन बळाने घेण्याचा हक्क खऱ्या मालकालाही नाही. आपल्या गोष्टीतली आवणी इथे कागदापेक्षा जड ठरते.

राखणदाराचं तसं नाही. वाडी सांभाळायला ठेवलेला माणूस वीस वर्षं तिथे राहिला तरी ताबा मालकाचाच, तो फक्त मालकाच्या वतीने राखतो. गोव्यातल्या मारिया मार्गारिदा खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणून गावात भांडण जुंपलं की मालकाकडून पहिलं वाक्य येतं, ‘तो तर आमचा गडी होता.’

ते खोडायला पुरावा लागतो. पूर्वी तलाठी पीकपाहणीला यायचे, कोण कसतं हे नोंदीत येण्याची शक्यता असायची. 2021 पासून ई-पीक पाहणीत खातेदार स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो, त्यामुळे बिनकागदाने कसणाऱ्याचा माग पुसट होतो. मग बांधशेजाऱ्यांच्या साक्षी, बियाण्याची बिलं आणि भात विकल्याच्या पावत्या यांच्यावरच भिस्त.

कलम 6 ची मोठी मर्यादा म्हणजे सरकारविरुद्ध हा दावा चालत नाही. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना हीच मर्यादा नडते, कारण त्यांचे ‘फॉरेस्ट प्लॉट’ वन खात्याच्या मालकीचे. तिथे 2006 चा वनहक्क कायदा आहे. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हुसकावता येत नाही. पुराव्यात जमीन सपाट करून घातलेले बांधही धरतात. अतिक्रमण केलं म्हणून वन खात्याने पूर्वी फाडलेली दंडाची पावतीही अशा वेळी उपयोगी पडते, कारण अमुक साली हा माणूस इथे कसत होता, हे तिच्यावर खात्यानेच लिहून दिलेलं असतं.