तिकीट आहे की नुसती जाहिरात?

स्टेडियमच्या गेटवरचं मशीन माणसाला ओळखत नाही, कोडला ओळखतं. एक कोड पहिल्यांदा आला की आत सोडतं. तोच पुन्हा आला की 'वापरून झालं' म्हणून अडवतं. त्यामुळे तिकिटाची पीडीएफ पाच जणांना विकली गेली, तर सर्वांत आधी रांगेत पोचलेला सामना बघतो आणि उरलेले चौघे सिक्युरिटीशी हुज्जत घालत बसतात. पाचही प्रती अगदी अस्सल असतात, हीच यातली गोम. तिकीट खोटं नसूनही आपण फसलेलो असतो.

नाशिकचा माझा भाचा वानखेडेवरच्या आयपीएलच्या सामन्यासाठी तिकीट शोधत होता. अधिकृत ॲपवर सगळं 'सोल्ड आउट' दिसल्यावर त्याने मला एक लिंक पाठवली आणि फोन केला. "मामा, साइट एकदम प्रोफेशनल आहे. दोन तिकिटं साडेअकरा हजारांत देतायत, दहा मिनिटांत घ्यायला सांगतायत. घेऊ?" मी म्हटलं, दहा मिनिटं तू थांब, मग बघू.

साइटवर रिझर्व्हेशनचं घड्याळ उलटं चालत होतं आणि 'शेवटची २ तिकिटं शिल्लक' अशी लाल पट्टी होती. मी तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोत उघडलं. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झालं. मग तिकिटांच्या रकान्यात १० आकडा टाकला. शेवटची दोनच उरलेली असताना साइटने दहाही निमूटपणे कार्टमध्ये टाकली आणि एकूण रक्कम दाखवली. म्हणजे त्या पट्टीच्या मागे तिकिटांचा कसलाच साठा जोडलेला नव्हता. ही परीक्षा फुकट होते, दोन मिनिटं लागतात, आणि निम्म्या बनावट साइट इथेच उघड्या पडतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र टंचाईचा देखावा केवळ भुरटेच करतात असंही नाही. व्हियागोगो ही जगभर पसरलेली, २००६ पासूनची रीसेल कंपनी. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०२० मध्ये तिला ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्या साइटवर उरलेली थोडी तिकिटं म्हणजे जणू कार्यक्रमाचीच थोडी तिकिटं उरली आहेत, असा भास ती निर्माण करत होती. स्वतःला 'अधिकृत' म्हणवत होती. आणि सुमारे २७.६ टक्के बुकिंग फी ग्राहकाला शेवटच्या पायरीपर्यंत नीट दिसत नव्हती. त्यामुळे मोठं नाव दिसलं तरी अगदी शेवटचं पान उघडून एकूण रक्कम बघायची, मगच बाकीचा विचार.

भाच्याच्या साइटवर मला खरं तर घड्याळापेक्षा जागेचं वर्णन खटकलं. तिथे लिहिलं होतं, 'लोअर टियर, कॅटेगरी २, दोन जागा शेजारी'. वानखेडेवर जागा अशा भाषेत विकल्या जात नाहीत. तिकिटावर स्टँडचं नाव असतं: सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, विजय मर्चंट, गरवारे. त्याखाली लेव्हल, ब्लॉक, रांग, आसन. ज्याच्या हातात तिकीट आहे, तो हे सगळं वाचून दाखवू शकतो. ज्याच्या हातात ते नाही, त्याला मोघम बोलावं लागतं, कारण उद्या कुठलं तिकीट मिळेल हे त्यालाही ठाऊक नसतं. या धंद्यात हे सर्रास चालतं. आधी आपल्याकडून पैसे घ्यायचे, मग बाजारात स्वस्त तिकीट शोधायचं. सापडलं तर नफा, नाही सापडलं तर 'विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली' अशी ईमेल. मूळ विक्री सुरू होण्याआधीच कुठे तिकिटं विकायला दिसली, तर ती याच जातीची समजावीत.

त्यामुळे साइट तपासण्याआधी मी त्या सामन्याचं तिकीट निघतं कसं, ते बघतो. अधिकृत ॲपवर सामन्याच्या पानावर खाली अटी असतात. कोणी वाचत नाही, पण सगळं तिथेच असतं: एका खात्यावर किती तिकिटं, छापील तिकीट घरी येणार की काउंटरवरून घ्यायचं, की फक्त मोबाइलवर, आणि क्यूआर कोड कधी दिसणार. कोड सामन्याच्या जेमतेम आधी उघडणार असेल आणि आठवडाभर आधीच कोणी 'हे बघा, तिकीट हातात आहे' म्हणत पीडीएफ पाठवत असेल, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. छापील तिकिटाचा फोटो पाठवणाऱ्याचंही तसंच. बारकोड झाकलेला नसेल तर तो माणूस भोळा तरी आहे किंवा फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. फोटो इमेज सर्चमध्ये टाकला की बऱ्याचदा तो एखाद्या उत्साही प्रेक्षकाच्या इन्स्टाग्रामवर सापडतो.

त्यानंतर साइटची जन्मतारीख. कुठल्याही whois सेवेत साइटचा पत्ता टाकला की नोंदणीची तारीख येते. भाच्याच्या साइटवर 'गेली दहा वर्षं क्रिकेटप्रेमींच्या सेवेत' असं छापलेलं होतं, आणि नोंद अशी होती:

```
Creation Date: 2025-03-19
Registry Expiry Date: 2026-03-19
```

आयपीएल २२ मार्चला सुरू झाली होती. तीन दिवस आधी जन्मलेली आणि एका वर्षापुरतंच भाडं भरलेली साइट. दहा वर्षांची सेवा कुठे केली, देव जाणे. मात्र ही खूण एकाच बाजूने चालते. नवी साइट संशयास्पद असते, म्हणून जुनी विश्वासार्ह ठरत नाही. जुनं डोमेन विकतही मिळतं.

भाचा अजून हटला नव्हता. "पण मामा, खाली जीएसटी नंबर दिलाय." नंबर होता खरा, आणि तो मला उपयोगी पडला. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, हरियाणाचे ०६. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनीसाठी C, एकट्या व्यक्तीसाठी P. जीएसटी क्रमांकात हे अक्षर सहाव्या जागी येतं. साइट स्वतःला गुरुग्रामची 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणत होती. नंबर २७ ने सुरू होत होता आणि सहावं अक्षर P होतं. जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाकल्यावर कुणा कापड व्यापाऱ्याचं नाव आलं. त्या बिचाऱ्याला आपला नंबर तिकिटं विकतोय याचा पत्ताही नसेल. याउलट, चोरलेला नंबर एखाद्या खऱ्याखुऱ्या इव्हेंट कंपनीचा असता तर सगळं जुळलंही असतं. म्हणून पोर्टलवरचं नाव आणि पैसे ज्याच्या खात्यात जाणार ते नाव, हे दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

पैशांच्या पानावर कार्डाचा पर्याय फिकट होता, 'तात्पुरता बंद'. उरला फक्त यूपीआयचा क्यूआर. तो स्कॅन केला तर ॲपने एका माणसाचं नाव दाखवलं. ना ती कंपनी, ना तो कापड व्यापारी. मी नाव बघून परत फिरलो. पिन टाकेपर्यंत पैसे जात नाहीत, त्यामुळे एवढं बघायला हरकत नाही.

कार्ड बंद असण्याला कारण असतं. पेमेंट गेटवेतून कार्डाने पैसे दिले आणि माल आला नाही, तर बँकेकडे चार्जबॅकची मागणी करता येते. गेटवेवाले विक्रेत्याची कागदपत्रंही तपासतात. यूपीआयने कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकलेले पैसे आपण स्वतःच्या हाताने, पिन टाकून दिलेले असतात. ते काही मिनिटांत पुढच्या खात्यात आणि तिथून त्याच्याही पुढे जातात. फसलोच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, म्हणजे साखळीतल्या एखाद्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवशी फोन केला तर बहुधा नुसती तक्रार नोंदवली जाते.

कोल्डप्लेच्या वेळी हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये होणाऱ्या, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कार्यक्रमांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते आणि काही तासांतच रीसेल साइटवर तीच तिकिटं लाखांत दिसू लागली. अशा साइटशी आपला संबंध नाही, असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांकडे तक्रार दिली. ऑक्टोबरमध्ये ईडीने पाच राज्यांत छापे घातले, तेव्हा इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून बनावट तिकिटं विकली जात असल्याचं सांगितलं. उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली होती. हा धोरणाचा विषय आहे म्हणत न्यायालयाने ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली.

"मग चांगली रीसेल साइट असतेच की नाही?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. असते, पण ती काय देते ते नीट समजून घ्यायला हवं. बऱ्या साइट विक्रेत्याचे पैसे कार्यक्रम होईपर्यंत अडकवून ठेवतात आणि गडबड झाली तर रक्कम परत करण्याची हमी देतात. म्हणजे हमी पैशांची असते, खुर्चीची नव्हे. नाशिकहून येण्याजाण्याचा खर्च, लॉजचं भाडं आणि बुडालेली संध्याकाळ त्यात येत नाही. शिवाय आयोजकाच्या अटींत पुनर्विक्रीला बहुतेकदा मनाई असते आणि असं तिकीट रद्द करायचा हक्क ते राखून ठेवतात. खुर्चीची खात्री हवी असेल तर तिकीट ज्याने काढलं त्याच्याच ॲपमध्ये मालक बदलला पाहिजे: जुना कोड रद्द आणि नव्या नावाने नवा कोड. झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्याकडच्या कार्यक्रमांसाठी अशी सोय जाहीर केली होती. जिथे ती आहे, तिथे मी दुसरीकडे बघतही नाही. जिथे नाही, तिथे नाव बदलून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला एवढंच विचारायचं, 'कुठल्या ॲपमध्ये, कुठलं बटण?'

भाच्याने ती साइट सोडली. दोन दिवसांनी त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या मित्राकडे चार तिकिटं निघाली. त्यातले दोघे येणार नव्हते. तिकिटं मित्राच्या फोनवर, त्याच्याच खात्यात. त्याला निम्मे पैसे आधी हवे होते. भाच्याने उलट प्रस्ताव दिला: चौघे चर्चगेटला भेटू, एकत्रच गेटमधून जाऊ, आणि आत गेल्यावर मी छापील किंमत यूपीआय करतो. मित्र थोडा कुरकुरला. रिकाम्या जाणाऱ्या दोन जागांचे पैसे वसूल होणार होते, म्हणून अखेर हो म्हणाला. पण भाच्याचं आधार कार्ड मात्र त्याने आधी मागून घेतलं. भाच्याने ते दिलं, नंबरचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकीचे झाकून.