तारीख, वेळ आणि तोंडचे शब्द

ऑफिसातल्या छळाची तक्रार घेऊन माणूस एचआरकडे जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "नक्की काय झालं?" इथेच बहुतेक जण अडखळतात. मीटिंगला बोलावलं नाही, सगळ्यांदेखत फाइल आपटली, रजेचा अर्ज तीन वेळा परत पाठवला. यातली कुठलीही एक गोष्ट सुटी सांगितली की समोरच्याला ती किरकोळ वाटते. "अहो, साहेबांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका," असं म्हणून विषय मिटवला जातो. खरा त्रास त्या गोष्टी पुन्हा पुन्हा होण्यात असतो आणि नेमकं तेच तोंडी सांगताना निसटून जातं.

स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी 1980 च्या दशकात या विषयाचा पाया घातला. त्यांनी कसोटीच अशी ठेवली होती, की छळाचं वागणं आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चालू असावं. इतकी कडक मुदत आज सगळेच मानत नाहीत. ऑस्ट्रेलियात 2014 पासून कामगार छळ थांबवण्याचा आदेश मागू शकतो. तिथला कायदा वारंवार केलेलं अवाजवी वर्तन पाहतो आणि वाजवी रीतीने केलेली व्यवस्थापकीय कारवाई त्यातून वगळतो. सगळीकडे प्रश्न मात्र दोनच उरतात. हे किती वेळा घडलं? आणि ते कामापुरतं होतं, की कामाच्या पलीकडचं होतं? पहिल्याचं उत्तर तारखांमध्ये असतं, दुसऱ्याचं तपशिलांमध्ये.

आपल्याकडे ऑफिसातल्या सर्वसाधारण छळासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे, जातीवरून केलेल्या अपमानासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. बाकीचा त्रास कंपनीचे सेवानियम, तक्रार समिती किंवा फार तर कामगार न्यायालय यांच्यापुढे मांडावा लागतो. म्हणजे तुमची तक्रार वाचणारा माणूस बहुधा तुमच्याच कंपनीतला असतो आणि साहेबांनाही तो रोज भेटतो. त्याला तुमची बाजू पटण्याआधी तुमची नोंद पडताळून पाहता आली पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या कंपनीच्या लेखा विभागात काम करणारी एक सहायक रात्री घरी येऊन वहीत लिहिते: "आज साहेबांनी पुन्हा सगळ्यांसमोर माझा अपमान केला. ते नेहमीच असं करतात. मुद्दाम मला टार्गेट करतात. माणूस नाही, राक्षस आहे."

तिचं दुःख खरं आहे. पण या चार वाक्यांत तपासता येईल असं काहीच नाही. "पुन्हा" म्हणजे कितव्यांदा? "सगळे" म्हणजे कोण? "अपमान" हा तिने काढलेला निष्कर्ष आहे. साहेब काय बोलले ते कुठेच नाही. "मुद्दाम" हे साहेबांच्या मनातलं आहे आणि ते कुणालाच दिसत नाही. "राक्षस" या शब्दाने तर तिचंच नुकसान होतं, कारण उद्या ही वही समितीपुढे आली, तर साहेब त्याच शब्दावर बोट ठेवून म्हणतील, "बघा, हिचा माझ्यावर आधीपासूनच राग आहे."

तीच घटना अशी लिहिता येते:

"मंगळवार, 11 जून 2024. सकाळी साधारण 11.20. लेखा विभाग, माझ्या टेबलाजवळ. मे महिन्याचं जीएसटीआर-1 भरायचा आज शेवटचा दिवस. मी केलेल्या तक्त्यात दोन बिलांवरचे जीएसटी नंबर चुकले होते. साहेब केबिनमधून बाहेर आले, फाइल माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, 'मॅडम, तुम्हाला पगार कशाचा देतो? इथे शिपायाला बसवलं असतं तर बरं झालं असतं.' मी म्हणाले, 'अर्ध्या तासात दुरुस्त करून देते.' ते म्हणाले, 'बघतोच मी तुमच्याकडे.' शेजारच्या टेबलावरचे दोन सहकारी आणि डिस्पॅचचा एक जण तिथे होता. (वहीत तिघांचीही नावं.) 11.50 ला दुरुस्त तक्ता साहेबांना मेल केला. दुपारी डबा खाल्ला नाही. रात्री 9.15 ला घरी लिहिलं."

यात "अपमान" हा शब्द एकदाही आलेला नाही आणि त्याची गरजही नाही. वाचणाऱ्याला तो दिसतो. साहेबांचे शब्द जसेच्या तसे अवतरणात आहेत. त्यात शिवी असती तर तीही तशीच लिहायची. "घाणेरडं बोलले" असं लिहून ती झाकायची नाही. शब्द नेमके आठवत नसतील, तर अवतरणचिन्हं न घालता "साधारण अशा अर्थाचं बोलले" असं लिहावं. वेळेच्या आधीचा "साधारण" हाही कामाचा शब्द आहे. नसलेली खात्री दाखवली आणि एका ठिकाणी पकडलं गेलं, की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

सर्वांत अवघड वाक्य आहे ते जीएसटी नंबर चुकल्याचं. स्वतःची चूक स्वतःच्याच तक्रारीच्या वहीत लिहायला हात धजत नाही. माझ्या मते मात्र या नोंदीतलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच आहे. साहेब चौकशीत ती चूक सांगणारच आहेत. तुमच्या नोंदीत ती आधीपासून असेल, तर त्यांच्या हाती नवं काही उरत नाही आणि प्रश्न योग्य जागी येतो: चूक दाखवायची ही रीत होती का? चूक लपवलेली नोंद तिथेच कोलमडते. तसंच स्वतःचं उत्तरही लिहावं. आवाज चढला असेल तर "माझाही आवाज चढला" असं लिहावं.

साक्षीदारांच्या बाबतीत "सगळे" हा शब्द टाळावाच. कोण होतं, ते किती अंतरावर होतं, त्यांना ऐकू गेलं असेल का, हे लिहावं. कोणीच नसेल तर "आम्ही दोघेच होतो" असं स्पष्ट नोंदवावं. या तपशिलावर कधी कधी प्रकरणाचं भवितव्य ठरतं. जातीवरून केलेल्या अपमानाचा गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली ठरायला तो लोकांच्या नजरेपुढे झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे.

न घडलेल्या गोष्टींची नोंद कशी करायची, हा प्रश्न हमखास येतो, कारण छळाचा मोठा भाग वगळण्यात असतो. "मला मुद्दाम बाजूला ठेवलं" असं लिहिण्याऐवजी आपली सहायक लिहिते: "20 जून. ऑडिटच्या मीटिंगचा मेल विभागातल्या पाच जणांना गेला, मला नाही. दुपारी 3 ला सहकाऱ्याकडून कळलं. 3.10 ला साहेबांना मेल करून विचारलं. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही." मग 11 जुलैची नोंद येते. त्या दिवशी दुसऱ्या सहकाऱ्याच्या तक्त्यात तशीच चूक निघाली. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, तो पाच मिनिटांनी बाहेर आला आणि साहेबांनी सांगितलेली दुरुस्ती करू लागला. या दिवशी तिला स्वतःला काहीच झालेलं नाही. तरीही ही नोंद 11 जूनच्या नोंदीइतकीच बोलकी आहे, कारण एकाच चुकीला दिलेल्या दोन वागणुका आता शेजारी शेजारी ठेवता येतात. "मुद्दाम" हा शब्द न लिहिताही तो प्रश्न उभा राहतो.

काही वेळा वही उलटंही दाखवते. दोन महिन्यांच्या नोंदी वाचल्यावर लक्षात येतं, की साहेब फक्त 11 आणि 20 तारखेच्या आसपास, म्हणजे विवरणपत्रांच्या मुदतीला, ओरडतात आणि सगळ्यांवरच ओरडतात. तेही वाईटच आहे. पण ती तक्रार वेगळी, तिचा अर्ज वेगळा, आणि तो सगळ्या विभागाने मिळून द्यायला हवा. नोंद तटस्थ असेल तरच हा फरक कळतो.

नोंद त्याच दिवशी करण्यामागे कायद्यातलं कारणही आहे. साक्ष देताना आपण स्वतः, घटना घडली तेव्हा किंवा ती ताजी असतानाच लिहिलेला कागद बघून स्मृती जागी करायची परवानगी 1872 च्या पुरावा कायद्यात होती आणि आता तो बदलून आलेल्या 2023 च्या कायद्यातही आहे. मात्र तसा कागद वापरला तर समोरच्या पक्षाला तो पाहता येतो आणि त्यावर उलटतपासणी घेता येते. म्हणून प्रत्येक ओळ साहेबांचा वकील वाचणार आहे असं धरूनच लिहावी. उशिरा लिहिलं तर नोंदीची तारीख मागची टाकू नये. "घटना 2 जुलैची, लिहिलं 5 जुलैला" असं लिहावं. पानं शिवलेली वही घ्यावी, मध्ये जागा सोडू नये, चुकलेला शब्द एका रेघेने खोडावा आणि पान कधीही फाडू नये. मनातला संताप लिहायचाच असेल तर तो दुसऱ्या वहीत लिहावा. तो लिहिणंही गरजेचं असतं, फक्त या वहीत नाही.

ही वही ऑफिसात किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये. नोकरी सुटली की लॅपटॉप आणि मेल त्याच दिवशी हातचे जातात. त्याच भीतीने कंपनीचे मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवण्याचा मोह होतो. गोपनीयतेच्या नियमांखाली तुमच्यावरच कारवाई व्हायला ते निमित्त पुरतं. त्याऐवजी मेलची तारीख, वेळ, विषय आणि कोणाकडून कोणाला गेला, एवढं वहीत उतरवावं. समिती तो मेल कंपनीकडून मागवू शकते. परिणामही असेच तपासता येतील असे लिहावेत. "खचून गेले" यापेक्षा "12 जूनला अर्धा दिवस रजा घेतली, डॉक्टरांकडे गेले, चिठ्ठी जपली आहे" हे जास्त सांगतं.

अर्थात, वही म्हणजे शेवटी तुमचंच म्हणणं असतं. साक्षीदार फिरले आणि मेल सापडला नाही, तर एकट्या वहीवर निकाल लागेलच असं नाही. ती तुम्हाला आठवणीचा आधार देते आणि चौकशी करणाऱ्याला कुठे शोधायचं ते सांगते.

मुदतीकडेही लक्ष ठेवावं लागतं. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते; घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. तेव्हा शेवटच्या घटनेची तारीख वहीवरून सांगता आली पाहिजे. अर्ज देताना मूळ वही देऊ नका. तारीखवार गोषवारा आणि लागतील तेवढ्या पानांच्या झेरॉक्स जोडा आणि अर्जाच्या स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. पोच द्यायला नकार मिळाला, तर तोच अर्ज त्याच दिवशी मेलने पाठवा आणि नकार कोणी, किती वाजता दिला, हे वहीत लिहा.