टक्के नकोत, माणसं मोजा

चहाच्या तीन ब्रँडांची पाहणी केली आणि तरुणांचा कल ‘ब’कडे जास्त दिसला. पण सगळ्याच तरुण ग्राहकांत हा कल आहे की आपल्या नमुन्यात योगायोगाने तशी माणसं आली? हे तपासायला कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी उपयोगी पडते.

समजा, तीन वयोगटांतल्या प्रत्येकी १०० जणांना एकच आवडता ब्रँड विचारला. १८ ते २५ वयाच्या ३० जणांनी ‘अ’, ४५ जणांनी ‘ब’ आणि २५ जणांनी ‘क’ निवडला. २६ ते ४० मध्ये हे आकडे ४०, ३५, २५ आले. चाळिशीपुढे ५०, २५, २५. आता वयाचा आवडीशी काही संबंधच नाही असं धरून चाला. ‘अ’ला एकूण १२० मतं आहेत, म्हणजे प्रत्येक गटातून ४० यायला हवी होती. तसंच ‘ब’ला ३५ आणि ‘क’ला २५. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करून त्याला अपेक्षित आकड्याने भागायचं. तरुणांच्या ‘अ’साठी १० चा वर्ग भागिले ४०, म्हणजे २.५. सगळ्या नऊ चौकटींची बेरीज १०.७१ येते.

तीन ओळी, तीन स्तंभ असले की स्वातंत्र्यांश चार, आणि पाच टक्के पातळीवरची सीमा ९.४९. आपला आकडा तिच्यापुढे गेला. वयाचा आणि आवडीचा संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण तीनच पाहण्यांत दिसला असता. मात्र ही सगळी बेरीज ‘अ’ आणि ‘ब’च्या चौकटींतून, तीही सर्वांत तरुण आणि सर्वांत वयस्क गटांतून आली आहे. ‘क’ला सगळ्या वयांत सारखीच पसंती आहे. अहवालात हे लिहायलाच हवं.

आता खरी गोम. प्रत्येक गटात ५० च माणसं असती आणि टक्केवारी हीच आली असती, तर बेरीज निम्मी, ५.३६ भरली असती. ती सीमेच्या आतच राहते, म्हणून फरक आहे असं म्हणता आलं नसतं. अशा वेळी एक्सेलच्या `CHISQ.TEST` मध्ये माणसांऐवजी टक्के भरले, तर उत्तर पुन्हा १०० जणांच्या गटांसारखंच येतं आणि नसलेला पुरावा कागदावर उमटतो. सूत्र तक्रार करत नाही, म्हणून ही चूक सहसा लक्षातही येत नाही.

उलट, नमुना फार मोठा असेल तर किरकोळ फरकही सीमा ओलांडतो. म्हणून क्रॅमरचा व्ही काढावा. आपल्या ३०० जणांच्या उदाहरणात तो ०.१३ येतो, म्हणजे संबंध आहे, पण सौम्य. तेवढ्यावर जाहिरातीचं सगळं बजेट वयानुसार वाटणं मला पटत नाही.

एकाच माणसाला दोन ब्रँड निवडू दिले, तर ही चाचणी चालत नाही. अपेक्षित आकडे पाचाच्या खाली गेले, तर शेजारचे वयोगट एकत्र करा. आणि टक्क्यांच्या प्रत्येक तक्त्याखाली गटातल्या माणसांची संख्या न चुकता छापा.