‘ड्राफ्ट करून आण, सही करतो’: परदेशातल्या प्रवेशासाठीचं शिफारसपत्र इथेच कसं बिघडतं?

“सर, एलओआर द्याल का?”

“हो, देतो की. ड्राफ्ट करून आण, सही करतो.”

इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा सायन्स कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास हा संवाद हमखास ऐकू येतो. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या मास्टर्स प्रवेशाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. त्याआधी विद्यार्थ्याला साधारण तीन शिफारसपत्रं जमवायची असतात. यालाच लेटर ऑफ रेकमेंडेशन, म्हणजेच एलओआर म्हणतात.

सरांच्या डोक्यावर पेपर तपासणी, प्रॅक्टिकल आणि ॲक्रेडिटेशनच्या फायली असतात. पानभर इंग्रजी लिहायचा कंटाळा असतो, थोडा संकोचही असतो. विद्यार्थ्यालाही वाटतं, आपणच लिहिलं तर आपल्याला हवं तसं चांगलं लिहिता येईल. मग सीनियरच्या पत्रातलं नाव बदललं जातं, लेटरहेडवर प्रिंट निघते आणि सही होते.

यात प्रामाणिकपणाचा प्रश्न तर आहेच. पण ते बाजूला ठेवलं तरी असं पत्र विद्यार्थ्याच्या फारसं उपयोगाचं नसतं. कसं, ते पाहू.

पत्र पोहोचतं कसं?

बंद पाकिटावर सही-शिक्का मारून पत्र पाठवायचे दिवस आता जवळपास संपले आहेत. ऑनलाइन अर्ज भरताना विद्यार्थी शिक्षकाचं नाव, पद आणि ईमेल देतो. विद्यापीठाची यंत्रणा शिक्षकाला थेट लिंक पाठवते. त्या लिंकवर पत्राची पीडीएफ शिक्षकानेच अपलोड करायची असते.

बऱ्याच विद्यापीठांच्या लिंकवर पत्रासोबत एक तक्ताही असतो. या विद्यार्थ्याला तुम्ही किती काळ ओळखता? कोणत्या नात्याने? तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांमध्ये बुद्धिमत्ता, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, लेखन यांत तो कुठे बसतो: वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत? प्रत्येक रकान्यात ‘वरचे ५ टक्के’ भरलं आणि पत्रात त्याला आधार देणारी एकही गोष्ट नसली, तर वाचणाऱ्याचा विश्वास तक्त्यावरूनही उडतो आणि पत्रावरूनही.

शिक्षकाचा ईमेल शक्यतो कॉलेजचा असावा, अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांत शिक्षक खासगी ईमेलच वापरतात. विद्यापीठाला असा ईमेल चालतो का, हे आधीच पाहावं. चालत नसेल तर कॉलेजकडून अधिकृत ईमेल सुरू करून घ्यायला वेळ लागतो.

‘हक्क सोडतो’वर टिक म्हणजे काय?

अर्जात एक प्रश्न असतो आणि बरेच जण तो न वाचताच पुढे जातात: शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का?

अमेरिकेत १९७४ साली विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दल एक कायदा झाला. ‘फेर्पा’ या नावाने तो ओळखला जातो. या कायद्यानुसार विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहता येतात. शिफारसपत्रांच्या बाबतीत मात्र तो हा हक्क आधीच लेखी सोडून देऊ शकतो. तशी सक्ती विद्यापीठ करू शकत नाही. तरीही बहुतेक अर्जदार हक्क सोडतात, कारण विद्यार्थी पाहणार नाही म्हटल्यावर शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलं असेल, असं वाचणारा धरून चालतो.

म्हणजे ‘मी हे पत्र पाहणार नाही’ असं विद्यार्थी लिहून देतो आणि तेच पत्र त्याने स्वतः टाइप केलेलं असतं! शिवाय अर्जातली माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्रही त्याने दिलेलं असतं. ती खोटी निघाली तर अर्ज बाद होऊ शकतो, मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

वाचणाऱ्याला कळतं का?

प्रत्येक वेळी कळतंच असं नाही. पण निवड समितीतले प्राध्यापक एकाच बैठकीत अनेक अर्ज वाचतात. एका विद्यार्थ्याची तीन पत्रं आणि त्याचं स्वतःचं निवेदन, म्हणजे एसओपी, त्यांच्यासमोर एकत्र उघडलेलं असतं. तिन्ही पत्रांची सुरुवात सारखी असेल, तेच विशेषण परत परत येत असेल, एसओपीतलं वाक्य सरांच्या पत्रातही दिसत असेल, तर शंका येतेच.

दुसरी खूण मजकुरात असते. विद्यार्थ्याने लिहिलेल्या पत्रात विद्यार्थ्याला जे माहीत आहे तेच येतं: मार्क, प्रोजेक्टचं नाव, टेक फेस्टमधलं बक्षीस. हे सगळं अर्जात आधीच असतं. पण हा विद्यार्थी इतरांच्या तुलनेत कुठे आहे, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. दहा बॅचेस शिकवलेला शिक्षकच ते सांगू शकतो, आणि समितीला नेमकं तेच हवं असतं.

‘ओबीडियंट’ हे कौतुक नाही

आपल्याकडचं शिफारसपत्र बऱ्याचदा चारित्र्याच्या दाखल्यासारखं वाटतं. विद्यार्थिनी सिन्सिअर, हार्डवर्किंग आणि ओबीडियंट आहे, तिची वर्तणूक चांगली आहे, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. इथे हे सगळं कौतुकच आहे. पण संशोधन करू शकेल असा विद्यार्थी शोधणाऱ्या प्राध्यापकाला ‘ओबीडियंट’मधून एवढंच कळतं की ही सांगितलेलं काम करते. स्वतः प्रश्न विचारते का, हे कळत नाही.

‘मेहनती’ या शब्दाचीही गंमत आहे. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली ३०० हून अधिक शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती. त्यांत कष्टाळूपणाचे शब्द जास्त होते आणि संशोधनाचे उल्लेख तुलनेने कमी. पत्रं लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं नाही. पण फक्त कष्टाचं कौतुक केलं की बुद्धीबद्दल काहीच बोललं गेलं नाही, असा अर्थ निघू शकतो.

एक उदाहरण

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमधली इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे. सीजीपीए ८.१. शेवटच्या वर्षी चौघांच्या गटाने कांद्याच्या चाळीतलं तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र बनवलं. पत्राचा पहिला ड्राफ्ट तिने स्वतः लिहिला. त्यातल्या मुख्य परिच्छेदाचा अर्थ असा:

‘तिने कांदा साठवणुकीवर अभिनव प्रकल्प केला. तिच्यात नेतृत्वगुण आहेत. ती अतिशय मेहनती आहे आणि कोणत्याही विद्यापीठासाठी भूषण ठरेल.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण तिचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही टाकलं तरी परिच्छेद तसाच चालतो.

आता मॅडमना विचारलं, “या मुलीचं काय लक्षात राहिलं?” तर त्या सांगतात, “अहो, सेन्सर चुकीचे आकडे देत होते. बाकीचे म्हणाले, नवीन आणू. ही म्हणाली, आधी किती चुकतोय ते तरी बघू.”

हीच आठवण पत्रात अशी येऊ शकते:

‘मी तिला दोन विषय शिकवले आणि वर्षभर प्रकल्पाला मार्गदर्शन केलं. चाळीतल्या आर्द्रतेचे आकडे संशयास्पद वाटल्यावर गटाने सेन्सर बदलायचं ठरवलं होतं. तिने सेन्सर हवाबंद डब्यात मिठाच्या संपृक्त द्रावणासोबत ठेवला. अशा डब्यात आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. सेन्सर ८३ दाखवत होता. आधीच्या तीन आठवड्यांच्या नोंदींवर विसंबता येणार नाही, हे तिनेच गटाला सांगितलं आणि मोजमाप पुन्हा सुरू केलं. त्यामुळे अहवाल उशिरा आला आणि त्याचे गुणही कापले गेले. गेल्या आठ वर्षांत मी सुमारे ४० प्रकल्पगटांना मार्गदर्शन केलं. स्वतःच्याच आकड्यांवर असा संशय घेणारे विद्यार्थी मला तीन-चारच भेटले.’

यात ‘हुशार’ हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला ती मुलगी दिसते. शिक्षिका तिला कशी आणि किती काळ ओळखते, हे पहिल्याच वाक्यात कळतं. प्रसंग असा आहे की तो मार्कशीटमध्ये सापडणार नाही. तुलना कोणाशी केली, हे आकड्यासह सांगितलं आहे. अहवाल उशिरा आल्याचंही लपवलेलं नाही, आणि त्यामुळे बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

इंग्रजीही साधंच पुरतं. ‘तिने हे केलं, तेव्हा असं झालं’ अशी छोटी वाक्यं लिहिता आली की झालं. पत्र शिक्षकाच्या इंग्रजीची परीक्षा नसते. सहकाऱ्याकडून व्याकरण तपासून घ्यायलाही हरकत नाही. फक्त निरीक्षण आणि मत शिक्षकाचं असलं पाहिजे.

मोठ्या पदाची सही?

प्राचार्यांची किंवा एचओडींची सही असली की वजन पडेल, असं अनेकांना वाटतं. पण प्राचार्यांनी कधी शिकवलंच नसेल तर लिहायला त्यांच्याकडे काही नसतं. अशा वेळी प्रकल्प पाहिलेल्या सहायक प्राध्यापकाचं पत्र जास्त कामाचं.

मग ‘ड्राफ्ट आण’ म्हटलं तर?

नकार देणं विद्यार्थ्याला अवघड जातं. अशा वेळी तयार पत्राऐवजी पानभर टिपण न्यावं. सरांनी कोणते विषय शिकवले, कोणत्या सेमिस्टरला, प्रकल्पात स्वतःचा वाटा काय होता, कुठे अडलं आणि कसं सुटलं, हे त्यात मुद्द्यांत लिहावं. सोबत मार्कशीट, सीव्ही, एसओपी आणि विद्यापीठांची मुदतीसह यादी द्यावी. “सर, ड्राफ्टऐवजी हे मुद्दे आणलेत, तुम्हाला जे आठवतं ते तुमच्या शब्दांत लिहाल का?” एवढं विचारता येतं. मतं आणि विशेषणं सरांवर सोडावीत.

हे सगळं मुदतीच्या किमान महिनाभर आधी करावं. लिंक पाठवल्यावर सरांना फोन करून सांगावं, कारण हे मेल अनेकदा स्पॅममध्ये जातात. पत्र जमा झालं की नाही, हे अर्जाच्या पोर्टलवर दिसतं. मुदतीच्या आठवडाभर आधीही ते दिसत नसेल, तर सरांना पुन्हा आठवण करावी.

आणि शिक्षकाला विद्यार्थ्याबद्दल खरंच काही आठवत नसेल तर? तर त्यांनी स्पष्ट नाही म्हणावं. ऑक्टोबरमध्ये ‘नाही’ ऐकलं तर विद्यार्थ्याला दुसरे सर गाठायला वेळ मिळतो. डिसेंबरमध्ये पोर्टलवर गेलेलं कोरडं पत्र मात्र परत घेता येत नाही.